मालकांच्याच घरात रूम घेताय? किचन-बाथरूमचं आधी काय काय विचारायचं (सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न)

मी मूळची जतकडची. नोकरीला सांगलीत आले त्याला सहा वर्षं झाली, त्यातली चार वर्षं मी मालकांच्या घरातच एक खोली घेऊन काढली, आधी गावभागात, मग विश्रामबागला. आता गावाकडनं कुणाची पोरगी कॉलेजला किंवा नोकरीला आली की फोन मला येतो, आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळं इथं टाईप करून ठेवतेय. वेगळा ब्लॉक, स्वतंत्र दार, स्वतःची मोरी असलं काही मिळत असेल तर हे वाचायची गरज नाही. हे फक्त त्यांच्यासाठी ज्यांची रूम मालकांच्या हॉलमधनं आत जाते आणि किचन, बाथरूम दोन्ही एकच आहे.

काकू म्हणाल्या "घरच्यासारखं वापर गं", मग अजून काय विचारायचं?

याच वाक्यानं मी पहिल्या घरात फसले. काकू वाईट नव्हत्या, मनापासनंच म्हणाल्या होत्या. पण घरच्यासारखं म्हणजे त्यांच्या घरच्यासारखं, आपल्या नव्हे. आमच्या घरी रात्री दहाला भूक लागली की उठून पोहे टाकायचे, त्यांच्या घरी साडेआठला ओटा पुसून, फडकं वाळत टाकून किचनची लाईट बंद. मी पहिल्याच आठवड्यात सव्वानऊला कामावरनं आले, शेगडी पेटवली आणि दुसऱ्या दिवशी काकू माझ्याशी बोलेनात. भांडण नाही काही नाही, नुसतं बोलणं बंद. कारण मला आठ दिवसांनी कळलं, तेही त्यांच्या सुनेकडनं.

त्यामुळं "किचन वापरू का?" हा प्रश्नच विचारायचा नाही, त्याला उत्तर कायम "हो वापर की" असंच येतं. वेळ विचारायची. "काकू, मला यायला नऊ वाजतात, त्यानंतर मी वरण-भात लावला तर चालेल का?" याला हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागतं. आणि "बघू, करू ॲडजस्ट" असं आलं तर समजायचं की नियम अजून ठरलेला नाही, आणि तो ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी घर त्यांचं असणार आहे.

रूम बघायला कधी जावं? रविवारी दुपारी बोलावलंय.

रविवारी दुपारी सगळीच घरं छान दिसतात. मोरी कोरडी, ओटा स्वच्छ, मुलं झोपलेली. एकदा जा तेव्हा, पण ठरवायच्या आधी कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते आठच्या मधे परत जाऊन या. कारण काहीही सांगा, "डिपॉझिटबद्दल बोलायचं होतं, ऑफिसला जाताजाता आले" म्हणा. दहा मिनिटं हॉलमध्ये बसलात तरी बाथरूमच्या दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून कोण उभं आहे, आतनं "झालं का?" कितीदा ऐकू येतं, ते दिसतंच. मी तर विश्रामबागच्या घरी बसल्याबसल्या पाणी प्यायला मागायचे, म्हणजे किचनपर्यंत जाता येतं.

घरातली पाच आणि आम्ही दोघी, बाथरूम एकच. जमतं का?

जमतं, पण आधी कागदावर मांडून बघा. मी माझंच उदाहरण देते, कारण यात जी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती ती पुढं आहे.

विश्रामबागचं घर. काका-काकू रिटायर, मुलगा बँकेत, सून शाळेत शिक्षिका, नात तिसरीत. वरच्या खोलीत मी आणि माझी रूममेट. संडास मागच्या बाजूला वेगळा होता, हे एक बरं होतं (संडास-बाथरूम एकत्र असेल तर खालचा सगळा हिशोब दुप्पट अवघड धरा). बाथरूम एकच, त्यातच धुणं धुवायचा दगड.

मी सरळ हिशोब केला. सात माणसं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे एकशे पाच मिनिटं. पहाटे सव्वापाचला काकूंची आंघोळ सुरू होते आणि साडेआठला शेवटचं माणूस बाहेर पडतं, म्हणजे मधे सव्वातीन तास. म्हटलं भरपूर वेळ आहे, दिलं डिपॉझिट.

पहिल्या सोमवारीच गडबड झाली. एक तर सगळ्यांना सव्वातीन तास नको असतात, सगळ्यांना साडेसहा ते आठ हाच दीड तास पाहिजे असतो. काकू-काका पहाटेच उरकायचे, राहिलो आम्ही पाच जण, पंचे पंधरा पंच्याहत्तर मिनिटं. नव्वदमध्ये पंच्याहत्तर बसतात तसे, अगदी घट्ट, पण बसतात. पण साडेसातला धुण्याची मावशी यायची आणि बाथरूममध्ये चाळीस मिनिटं बसायची. पंच्याहत्तर आणि चाळीस, एकशे पंधरा. तिथं सगळं कोसळलं. मला मिरजेला नऊला पोचायचं असायचं, म्हणजे आठ-दहाला घरातनं बाहेर, आणि मी सात-पन्नासला दाराबाहेर उभी आणि आत मावशी चादरी आपटतायत.

तर प्रश्न हा विचारायचा: धुण्याची बाई किती वाजता येते आणि कपडे कुठं धुते? हा प्रश्न कुणीच विचारत नाही. माणसं किती हे सगळे विचारतात, बाई कुणाच्या लक्षात येत नाही. वॉशिंग मशीन असेल तर ती कुठं ठेवलीय ते बघा, बाथरूमच्या आत असेल तर त्यांचं धुणं लागलं की दर वेळी काकू पाच मिनिटांनी दार वाजवणार.

आमचं नंतर असं सुटलं की मी काकूंना सरळ म्हटलं, "मावशींनी आधी भांडी घासली आणि सव्वाआठनंतर धुणं घेतलं तर चालेल का?" काकूंना काहीच फरक पडत नव्हता, मावशींनाही नाही. मी स्वतः पावणेसहाची वेळ घेतली, काका सहाला आंघोळ करून पूजेला बसायचे त्यांच्या आधीची. रूममेटनं रात्री आंघोळ करायची सवय लावली. तीन दिवसांत सगळं सुरळीत. पण हे डिपॉझिट द्यायच्या आधी बोलले असते तर ते पहिले दोन आठवडे माझी फरपट झाली नसती, आणि सुनेशी जी कुरबूर झाली ती पण झाली नसती.

अजून एक, काकांची पूजेची आंघोळ असेल तर त्या वेळेला हात लावू नका. ती वेळ कुठल्याच घरात सरकत नाही.

सोलर आहे म्हणाले. म्हणजे गरम पाण्याचं टेन्शन नाही ना?

उन्हाळ्यात नाही. जूनच्या शेवटापासनं पुढं आहे. सांगलीत जुलै-ऑगस्टला पाच-पाच दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा सोलरचं पाणी जेमतेम कोमट. म्हणून विचारायचं की सोलरला आत कॉईल बसवलीय का आणि ढगाळ दिवसात ती लावतात का. काही घरात कॉईल असते पण बिल येतं म्हणून बटणाला चिकटपट्टी मारलेली असते, मी बघितलीय.

दुसरी गोष्ट पायपाची. टाकी गच्चीवर आणि बाथरूम तळमजल्यावर असेल तर सकाळी पहिल्यांदा नळ सोडला की पायपातलं रात्रभर गार झालेलं पाणी आधी बाहेर येतं, आमच्याकडं जवळजवळ एक बादली. ते वाहून जाऊ दिलं की काकूंचा जीव खालीवर व्हायचा आणि बरोबरच होतं त्यांचं. मी ते बादलीत धरून कपडे भिजवायला ठेवायला लागले, त्या दिवसापासनं काकू मला "शहाणी पोरगी" म्हणायला लागल्या. पहिली आंघोळ तुमची असेल तर हे लक्षात ठेवा.

गिझर असेल तर हिशोब सोपा आहे. नेहमीचा पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा गिझर गार पाण्यावरनं भरपूर गरम व्हायला वीस मिनिटांच्या आसपास घेतो, म्हणजे एका माणसाला रोज अर्धं ते पाऊण युनिट. महिन्याला वीस युनिट धरा. हे आकडे माहीत असले की मालक "गिझरचे वेगळे पाचशे" म्हणाले तर ते जास्त आहे का बरोबर ते तुम्हाला बोलता येतं. आणि विचारायचं की गिझर कोण लावणार, बटण कुठं आहे. एका घरात बटण मालकांच्या बेडरूममध्ये होतं! पहाटे उठून बेडरूमचं दार वाजवणार कसं, त्या पोरीनं आख्खा हिवाळा गार पाण्यानं काढला.

किचन शेअरिंगमध्ये नक्की काय काय धरायचं?

शेगडी सोडून बाकी सगळं. शेगडीवरनं भांडणं कमी होतात. भांडणं होतात ती फ्रीज, खरकटं आणि फडक्यावरनं.

फ्रीजमध्ये तुमचा कप्पा कुठला ते हात लावून दाखवायला सांगा. "ठेव की कुठंपण" म्हणजे तुमचं दही एक दिवस कढीत जाणार. मी एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला होता, माझं जे काय ते त्या डब्यात, डबा खालच्या कप्प्यात डाव्या बाजूला. डब्याच्या बाहेर असेल ते माझं नाही, आत असेल ते त्यांचं नाही. मिटलं.

भांड्यांचं विचारायचं की त्यांची वापरायची का स्वतःची आणायची. मी म्हणेन स्वतःचीच आणा, एक छोटा कुकर, एक कढई, एक पातेलं, तवा, दोन ताटं, बास. दुसऱ्याच्या बिडाच्या तव्यावर साबण लावून घासलात तर तो तवा आणि तुमचं नाव दोन्ही गेलं. आणि कुकरची शिट्टी! रात्री आजी-आजोबा लवकर झोपत असतील तर कुकर किती वाजेपर्यंत लावायचा हे विचारून घ्या, हसू नका, यावरनं एकीला रूम सोडावी लागलीय.

भांडी घासणं: मावशी तुमची भांडी घासणार का? घासणार असेल तर तिला वेगळे पैसे कोण देणार, तुम्ही थेट का काकूंच्या हातात? हे आधी ठरलं नाही तर मावशी पहिल्याच आठवड्यात दोन भांडी वाढली म्हणून काकूंकडं कुरकुर करणार, आणि काकू तुमच्याकडं बघणार. तुम्ही स्वतः घासणार असाल तर सिंकमध्ये का मागच्या मोरीत ते विचारा. पुष्कळ घरात सिंक फक्त हात-भाजी धुवायला असतं आणि खरकटी भांडी मागं.

पाणी पिण्याचं कुठलं, फिल्टरचं का माठातलं, आणि माठात वेगळा डाव असतो तो वापरायचा, तोंड लावलेला तांब्या बुडवायचा नाही. हे शिकवायला लागत नाही खरं तर, पण हॉस्टेलवरनं आलेल्या पोरी बुडवतात.

गॅसचा हिशोब कसा धरायचा? काकू म्हणतात निम्मा सिलिंडर तुझा.

निम्मा कसा काय? घरात पाच माणसं, दोन वेळचा स्वयंपाक, चार वेळा चहा. तुम्ही एकटी, त्यात दुपारी बाहेर.

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. घरातल्या शेगडीचा मोठा बर्नर चांगला पेटवून ठेवला तर तासाला साधारण शंभर-दीडशे ग्रॅम गॅस जातो. तुम्ही सकाळी चहा, रात्री एक भाजी आणि चार चपात्या एवढंच करत असाल तर रोजचा एक तास धरा, म्हणजे महिन्याला तीन ते साडेचार किलो. म्हणजे सिलिंडरच्या पाव भागापासनं फार तर एक तृतीयांशापर्यंत. मी काकूंना हे असंच बोटावर मोजून दाखवलं, काकांनी चष्मा लावून परत मोजलं, आणि महिन्याला सिलिंडरच्या किमतीचा पाव भाग ठरला. सिलिंडरचा भाव बदलला की आपोआप माझा भाग बदलायचा, दर वेळी नव्यानं बोलायला लागायचं नाही.

ठराविक रक्कम ठरवायची असेल तर ठरवा, पण भाव वाढल्यावर काय ते पण त्याच वेळी बोला. फक्त "वापरशील तसं देत जा" एवढ्यावर सोडू नका. सिलिंडर संपायची वेळ नेमकी तुम्ही चहा ठेवता तेव्हाच येते आणि मग सगळा सिलिंडर तुम्हीच संपवलात असं दिसतं.

त्यापेक्षा रूममध्ये इंडक्शन ठेवलं तर? कुणाच्या ओट्यावर जायलाच नको.

ठेवा, पण न सांगता ठेवू नका. आणि आधी भिंतीवरचं सॉकेट बघा. बेडरूममध्ये बहुतेक वेळा सहा अँपिअरचं छोटं सॉकेट असतं, ते मोबाईल, टेबलफॅन, लॅपटॉपसाठी. 230 व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे तेराशे-चौदाशे वॅट, त्याच्यावर नाही. इंडक्शन अठराशे-दोन हजार वॅटचं असतं, त्याला सोळा अँपिअरचं मोठं पॉईंट लागतं, गिझर-फ्रीजला असतं तसलं. लोक काय करतात, कन्व्हर्टर पिन लावून छोट्या सॉकेटात घुसवतात. चार दिवस चालतं. मग सॉकेटच्या कडेला पिवळं पडतं, प्लग काढताना हाताला गरम लागतो, प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. हे दिसलं की थांबायचं, पुढची पायरी वायर जळायची असते. आमच्या शेजारच्या रूममध्ये अशीच भिंत काळी झाली आणि डिपॉझिटमधनं वायरिंगचे पैसे कापले गेले. त्या पोरीची बाजू घेता येईना, कारण तिनं विचारलंच नव्हतं.

मालकांना विचारताना सोबत बिलाचं पण बोला. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना दर जास्त लागतो, तीनशेच्या वर आणखी. म्हणजे तुमची तीस युनिटं त्यांच्या बिलात वरच्या महाग टप्प्यात जाऊन बसतात, म्हणून मालक चिडतात, उगाच नाही. रूमला वेगळा सबमीटर असेल तर उत्तम. युनिटचा दर कुठल्या टप्प्याचा धरणार तेवढं विचारून घ्या.

नॉनव्हेजचं कसं विचारायचं?

सरळ. आणि अंडी वेगळी विचारा, कारण "नॉनव्हेज नाही" म्हणणाऱ्या घरात कधीकधी अंडं चालतं आणि "आमच्याकडं सगळं चालतंय" म्हणणाऱ्या घरात गुरुवार, श्रावण, मार्गशीर्ष असतोच. बाहेरनं पार्सल आणून रूममध्ये खाल्लं तर चालेल का, हा तिसरा वेगळा प्रश्न. नाही म्हणाले तर नाही. लपून आणू नका, सुक्या बोंबलाचा वास दारं-खिडक्या बंद करून कोंडत नसतो.

पाळीच्या दिवसांचं विचारणं फार अवघड वाटतं. विचारायलाच पाहिजे का?

हो. मला पण अवघड वाटलं होतं, आणि न विचारल्याचा त्रास जास्त झाला. काही घरांत त्या चार दिवसांत ओट्याला, माठाला हात लावलेला चालत नाही. गावभागातल्या घरात हे मला पहिला महिना झाल्यावर कळलं, काकू हळूच म्हणाल्या "तेवढे दिवस डबा लाव हं". डबा लावायला माझी ना नव्हती तशी, पण सांगलीत चार दिवसांसाठी डबा कोण देतंय? मेसवाले महिन्याचे पैसे घेतात.

विचारायचं असं: "काकू, तुमच्याकडं अडचणीचे दिवस पाळतात का? म्हणजे मला आधीच माझी सोय करता येईल." कुणालाही दुखवत नाही हे वाक्य. माझं वैयक्तिक मत विचाराल तर जिथं पाळायला लावतात तिथं मी आता राहणार नाही, पण ज्याचं त्यानं ठरवावं, फक्त माहीत असून ठरवावं.

आणि पॅडचा कचरा कुठं टाकायचा ते त्याच बोलण्यात विचारून घ्या, बाथरूममध्ये झाकणाचा डबा नसेल तर आपला आणून ठेवू का म्हणावं. संडासात टाकून पाईप तुंबला तर आख्ख्या घराला कळतं की कुणामुळं.

एवढं सगळं विचारलं तर मालक म्हणतील ही पोरगी भांडकुदळ दिसतेय.

यादी काढून पोलिसासारखं विचारलं तर म्हणतीलच. मी काय करते, आधी माझं सांगते. "काकू, मी सकाळी पावणेसहाला उठते, आंघोळीला पंधरा मिनिटं लागतात, रात्री नऊला येते, भात-आमटी करते, भांडी लगेच घासून ठेवते. रविवारी कपडे धुते, दोन बादल्या. यात तुमच्या घरच्या कशाला अडचण येतेय का?" मग त्याच बोलतात. "नऊला? नाही गं, आमचे हे साडेनऊला झोपतात" असं निघतं आपोआप. तुम्हाला विचारावं लागलंच नाही.

एकटं काकांशी बोलून ठरवू नका. भाडं काका ठरवतात, किचन काकू चालवतात. काका "हो हो, काही प्रॉब्लेम नाही" म्हणतात आणि त्यांना ओट्यावर काय चालतं यातलं काहीही माहीत नसतं. सून असेल तर तिच्याशी पण दोन मिनिटं बोला, सकाळची खरी गर्दी तिला माहीत असते.

घरी आलात की त्याच संध्याकाळी एक मेसेज टाका. मी टाकलेला मेसेज असा होता:

"काकू नमस्कार. आज बोललो ते परत लिहितेय, काही चुकलं असेल तर सांगा. बाथरूम माझी वेळ पावणेसहा ते सहा. किचन सकाळी साडेसहापर्यंत चहा, रात्री दहापर्यंत. कुकर साडेनऊच्या आत. फ्रीजमध्ये खालचा कप्पा डावी बाजू. गॅस सिलिंडरचा पाव भाग. पाहुणी मैत्रीण आली तर आदल्या दिवशी सांगेन."

काकूंनी फक्त अंगठा पाठवला. बास झालं. सात महिन्यांनी गॅसवरनं बोलणं निघालं तेव्हा मी तोच मेसेज दाखवला.

हे करारात लिहितात का? नोटरी केलंय, तेवढं पुरे ना?

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, इथं बरेच जण गल्लत करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्ये कलम 55 आहे, त्यात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे असं आहे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदणी केलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते ग्राह्य धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे बहुतेक मालकांना माहीत नसतं. भांडायला म्हणून सांगत नाही, पण "करार नाही म्हणजे तुला काही बोलायचा हक्क नाही" असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही एवढं लक्षात असू द्या. त्याच कायद्यात मालक स्वतः राहतो त्या घराचाच भाग ज्याला लायसन्सवर दिलाय त्याला पेइंग गेस्ट म्हटलंय, म्हणजे आपण त्यात बसतो.

करारात बाथरूमची मिनिटं लिहायची गरज नाही, हसतील. पण एक ओळ नक्की घाला: "सदर खोलीसोबत स्वयंपाकघर, स्नानगृह, शौचालय व फ्रीजचा सामाईक वापर भाड्यात समाविष्ट आहे." ही ओळ नसेल तर करारात नुसती खोली येते, आणि उद्या किचन बंद केलं तर कागदावर तुम्हाला किचन दिलंच नव्हतं. गॅस आणि लाईटचं कसं ठरलंय ते पुढच्या ओळीत. बाकी मेसेजवर.

नदीकडच्या भागात स्वस्तात मिळतेय, तळमजला आहे.

2005, 2019, 2021, कृष्णा कुठपर्यंत आली ते त्या गल्लीतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर पाणी घरात यायच्या आधी गटारं उलटी मारतात, तळमजल्याचा संडास आणि मोरी वापरता येत नाही. तेव्हा विचारायचं, असं झालं तर वरच्या मजल्यावरचा, म्हणजे मालकांचा स्वतःचा, संडास वापरायला देणार का? याचं उत्तर द्यायला जे अडखळतात त्यांच्याकडं पावसाळ्यात राहू नका.

अजून काही राहिलं का?

पाहुणे. तुमचे नव्हे, त्यांचे. मे महिन्यात मुलगी-जावई, गणपतीत पुण्याचे दीर-जाऊ, दिवाळीत सगळेच. त्या आठ-दहा दिवसात बाथरूमला सात ऐवजी अकरा माणसं होतात आणि किचनमध्ये तुम्हाला पाय ठेवायला जागा नसते. माझ्या काकूंची मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा तर तीन महिने, आणि बाळाच्या आंघोळीला रोज सकाळी तासभर बाथरूम बंद, मालिशवाली मावशी वेगळी. त्याबद्दल तक्रार कसली करणार, लेक माहेरी आलेली. पण मी आधी विचारलं असतं की "या वर्षात घरात काही कार्य आहे का, कुणी राहायला येणार आहे का?" तर त्यांनी सांगितलं असतं, आनंदानं सांगितलं असतं. मग त्या तीन महिन्यांचा डबा मी आधीच बोलून ठेवला असता आणि गॅसचा पाव भाग पण तेवढ्यापुरता थांबवून घेतला असता. तो मी भरतच राहिले, शेगडीला हात न लावता.